ऑगस्टातला मातीचा सुगंध

सर,

आजोळच्या पावसाळ्यावर लिहिलेला लेख मी एका दिवाळी अंकाकडे पाठवला होता. ‘छान आहे, पण ही कुणाचीही आजी असू शकते’ एवढ्या एका ओळीसह तो परत आला. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, पटलंही. आजोळ राजापूर तालुक्यातलं. पहिली-दुसरीची दोन वर्षं, १९८१ ते ८३, मी तिथेच राहिले. लेखातला मुख्य परिच्छेद असा:

‘बाहेर रिमझिम पाऊस पडत असायचा. मातीचा सुगंध दरवळायचा. आजीच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असायची आणि तिच्या उबेत आम्ही सारी नातवंडं बसायचो. आजी मायेनं गरमागरम भाकऱ्या थापायची, कधी भजी तळायची, नागपंचमीला पातोळे करायची. सगळीकडे खमंग वास सुटायचा. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर समाधान असायचं. त्या जेवणाला अमृताची चव होती. ते दिवस आता पुन्हा येणार नाहीत.’

यात काय बदलू? वर्णन वाढवायला गेले की ते आणखीच गोड होतं.

ता. क. आजी तशी लाडाकोडाची नव्हती. काडेपेटी भिजवली म्हणून एकदा तिनं मला चांगला धपाटा घातला होता. लेखात शोभलं नसतं म्हणून ते घेतलं नाही.

— एक वाचक

*

ताई,

तुमचा लेख ता. क. पासून सुरू होतो. त्या दोन ओळींत एक वस्तू आहे, एक चूक आहे, एक धपाटा आहे, आणि एक बाई आहे जिला राग आला. वरच्या परिच्छेदात यातलं काहीच नाही.

काडेपेटीकडे आधी नीट बघू या. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये काडेपेटी ही जपून ठेवायची चीज होती. हवेतली ओल काडीचं डोकं मऊ करते, पेटीच्या कडेची ओढायची पट्टी ओलसर होते. मग काडी ओढली की डोक्याचा लगदा पट्टीला फासला जातो, तपकिरी रेघ उमटते आणि ठिणगी पडत नाही. म्हणून बायका पेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवत, चुलीवरच्या फळीवर ठेवत, एखादी काडी केसांत घासून कोरडी करून बघत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे ते याचसाठी, सकाळी काडीचं तोंड बघायला लागू नये. विस्तव विझला आणि पेटीही भिजली, तर शेजारच्या घरी जाऊन विस्तव मागून आणावा लागे, तोही पावसातून.

सहा-सात वर्षांच्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त पाठीत बसलेला धपाटा ठाऊक होता. आज तुम्हाला दोन्ही ठाऊक आहे. तुमच्या लेखाला जागा आहे ती इथे, त्या दोन माहितींच्या मधे.

यातून मला तुमच्या परिच्छेदाची मोठी अडचण दिसली. त्यात पाऊस बाहेर पडतोय आणि स्वयंपाकघर आत कोरडं आहे. कोकणातलं कौलारू घर पावसाळ्यात कधी असं नसतं. दार लावलं तरी पाऊस आत येतो, फक्त ओल होऊन येतो. मिठाला पाणी सुटतं, लाकडं दमट होतात, पापड मऊ पडतो, कपडे वाळत नाहीत, सारवलेली जमीन सुकत नाही. म्हणून आठवणीतल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: पावसानं हिचं काय केलं? ज्या वस्तूला उत्तर आहे ती तुमच्या लेखातली. जिला उत्तर नाही ती बहुधा दुसरीकडून आलेली असते.

हेच धरून मी तुम्हाला काही प्रश्न पाठवले होते. तुम्ही कुठे बसायचात? बसल्या जागेवरून काय दिसायचं? कशाला हात लावायची बंदी होती? कुठला वास आवडत नव्हता? पाऊस कुठून गळायचा? त्या काळात घरात नेमकं कोण कोण होतं? तुमची उत्तरं तुमच्या परवानगीनं इथे वापरतो, कारण अशाच परिच्छेदांशी झगडणारे आणखी काही वाचक आहेत.

पहिल्यांदा मातीचा सुगंध. हा वास कोरड्या मातीवर पाणी पडतं तेव्हा येतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत दगडमातीत साठत गेलेली तेलं ओलाव्यानं सुटतात आणि मातीतल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्य त्यांच्यासोबत हवेत येतं. कनौजचे अत्तरवाले मातीचं अत्तर काढतात तेही भाजलेल्या मातीपासून. म्हणजे या वासाला आधी कोरडेपणा लागतो, आणि तो सगळ्यात जोरात येतो पहिल्या सरींना. तुमच्या परिच्छेदात नागपंचमी आहे, म्हणजे श्रावण आहे, म्हणजे जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट. तोवर राजापूरची जमीन दोन महिने भिजून चिंब झालेली असते. त्या दिवसांत अंगणातून येतो तो शेवाळाचा, कुजलेल्या पानांचा, गोठ्याचा आणि ओल्या शेणाचा वास. तुमचा सुगंध खोटा नाही, तो जूनमधला आहे. तो ऑगस्टात नेऊन ठेवला की कोकणात वाढलेला वाचक तिथेच थबकतो आणि पुढच्या वाक्यांवरचा त्याचा भरवसा उडतो.

‘रिमझिम’चंही तेच. कोकणच्या या पट्ट्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. कौलांवर तो रिमझिमत नाही. तुम्हीच उत्तरात लिहिलंत, ‘पाऊस लागला की आजी हातवारे करूनच सांगायची, बोललेलं ऐकू यायचं नाही.’ हे वाक्य वाचून मी थांबलो. पावसाचा आवाज किती मोठा होता हे यात एकही विशेषण न वापरता कळतं, आणि आजी बोलत कशी होती हेही कळतं.

‘सारी नातवंडं’ या शब्दांवर तुम्ही स्वतःच गडबडलात. घरात कोण होतं या प्रश्नाला उत्तर आलं: आजी, मामा आणि मी. मावसभावंडं मे महिन्यात आणि गणपतीला यायची. म्हणजे चुलीभोवतीचा तो गोतावळा उन्हाळ्यातून उचलून पावसात बसवलेला आहे. आणि भजी? ‘भजी आई करायची, ठाण्याला, गॅसवर. आजीकडे तेल जपून वापरायचे,’ हे तुम्हीच लिहिलंत. चेहऱ्याचं तर मला फारच महत्त्वाचं वाटलं. तुम्ही उंबऱ्यावर बसायचात, आजीचं तोंड चुलीकडे असायचं, तिथून तुम्हाला तिची पाठ आणि तिच्या टाचा दिसायच्या. मग तो सुरकुतलेला, समाधानी चेहरा आला कुठून? ‘हॉलमध्ये तिचा फोटो लावलाय, त्यातला असावा.’

यात तुमचा अप्रामाणिकपणा नाही. आठवण असंच काम करते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली त्यांचे गाजलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं ती आठवून सांगायला लावली. सांगताना अनोळखी गोष्टी गळून पडल्या आणि ओळखीच्या त्यांच्या जागी येऊन बसल्या. कथेतली होडी ‘कनू’ होती, ती साधी बोट झाली. सीलची शिकार साधी मासेमारी झाली. कुणी मुद्दाम बदल केला नव्हता. तुमच्या आठवणीत चाळीस वर्षांत असंच काडेपेटीच्या जागी भजी येऊन बसली, टाचांच्या जागी चेहरा. पावसाळी आजी म्हटलं की आपण सगळ्यांनी जे चित्र पाहिलेलं असतं, त्याच्याकडे आठवण आपोआप सरकते. म्हणूनच वर्णन वाढवलं की ते जास्त गोड होत जातं. तुम्ही त्या सामाईक चित्रावरच रंगांचे हात फिरवत असता.

नागपंचमीच्या वाक्यात आणखी एक गाठ आहे. भाकऱ्या आणि पातोळे एका दमात आलेत. बऱ्याच घरांत नागपंचमीला तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत, आणि म्हणून त्या दिवशी हळदीच्या पानातले पातोळे उकडतात. तुमच्याकडे तवा ठेवायचे का, हे विचारल्यावर ‘नाही, त्या दिवशी भाकरी नसायची’ असं उत्तर आलं. म्हणजे हे दोन वेगळे दिवस आहेत आणि परिच्छेदानं ते एकात मिसळलेत. असं एकदा सापडलं की सगळा परिच्छेद संशयानं तपासावा. घरच्या रीतीभाती, सणांचे नियम, कुठली भाजी कधी उगवते हे सगळं आठवणीची तारीख पक्की करायला फार उपयोगी पडतं. टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असतो, हळदीची पानं श्रावणात हाताएवढी होतात. ‘पावसाळा’ हा एवढा मोठा शब्द त्यामुळे लहान होतो, एका आठवड्यावर येतो.

आता व्याकरणाकडे येतो, कारण माझ्या मते खरा उलगडा इथे आहे. तुमच्या परिच्छेदातली क्रियापदं पाहा: असायचा, दरवळायचा, बसायचो, थापायची, तळायची, करायची, सुटायचा. शाळेत आपण याला रीती भूतकाळ म्हणायला शिकलो. तो नेहमीच्या गोष्टी सांगतो, आणि नेहमीच्या गोष्टीत इंद्रियं काम करत नाहीत. ‘आजी चूल पेटवायची’ या वाक्यात शेकडो सकाळी एकावर एक रचलेल्या आहेत. त्यातल्या कुठल्या सकाळी लाकूड ओलं होतं, किती काड्या वाया गेल्या, तुम्ही कुठे होतात, यातलं काही सांगता येत नाही, कारण प्रत्येक सकाळी ते वेगळं होतं. ‘आजीनं चूल पेटवली’ म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कधी? कशानं? पेटली का? साधा भूतकाळ लेखकाला कोपऱ्यात गाठतो आणि तपशील द्यायला लावतो. मी अशा लेखांचे मसुदे तपासतो तेव्हा आधी फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीनं रेघ मारत जातो. ‘यचा-यची’ची ओळच्या ओळ लागली की तिथे आठवण धूसर झालेली आहे हे कळतं.

रीती भूतकाळ टाकून द्यायचा नाही. एखादं वाक्य त्यात असू द्या, घराची रोजची चाल कळण्यापुरतं. पण लेखाचा कणा एका संध्याकाळीचा हवा. तुमची संध्याकाळ ठरलेलीच आहे.

वासांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ‘खमंग’ हा शब्द तेल-तूप तापलं, काही भाजलं-परतलं की येणाऱ्या वासाचा आहे. तुमच्या आजीच्या पावसाळी स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी कुळथाची पिठी होती, भात होता, धूर होता आणि ओले कपडे होते. आवडत नसलेल्या वासाबद्दल विचारलं, तेव्हा तुमचं उत्तर सगळ्यात लांब आलं. चुलीवरच्या दोरीला तुमचा शाळेचा फ्रॉक वाळत घातलेला असायचा, तो धड वाळायचा नाही, त्याला आधी कुबट वास यायचा आणि मग त्यावर धुराचा वास चढायचा, आणि वर्गात शेजारची मुलगी नाक मुरडायची. बघा, नको असलेला वास विचारला आणि शाळेपर्यंतची वाट उघडली. आवडत्या वासांवर आपण आयुष्यभर बोलत आलेलो असतो, त्यामुळे ते शब्दांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. नावडते वास सांगायची वेळ आलेली नसते, म्हणून ते जसेच्या तसे सापडतात.

आपल्या भाषेत वासांना भरपूर शब्द आहेत: कुबट, आंबूस, हिरवट, धुरकट, ओशट, करपट, खवट. पण शब्द चपखल मिळाला तरी तो एकटा पुरत नाही. वास कुठल्या क्षणी आला ते सांगावं. हळदीचं पान हातात असताना त्याला थोडासाच वास असतो. वाफेवरचं झाकण उचललं की तो एकदम तोंडावर येतो. ‘हळदीच्या पानाचा सुवास’ लिहिण्यापेक्षा झाकण उचलताना आजीनं मान कशी मागे घेतली ते लिहिलं, तर वास आपोआप येतो.

धुराचंही बघा. ओल्या लाकडातली उष्णता आधी पाणी उडवण्यात जाते, म्हणून ते नीट पेटत नाही आणि धूर फार होतो. कापलेल्या टोकाला फेस येतो आणि ते चुरचुरत राहतं. गरम धूर वर चढतो आणि कौलांखाली थर करून राहतो. ‘मी बसायचे तेव्हा ठीक असायचं, उभी राहिले की डोळे झोंबायचे,’ असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. हे वाक्य हातचं जाऊ देऊ नका. मोठी माणसं धुरात वावरत होती आणि लहान मुलीला त्या धुराखाली स्वच्छ हवेची एक पट्टी मिळाली होती. चुलीपुढे वाकलेली आणि मधूनमधून उठणारी आजी सारखी त्या धुरातून आत-बाहेर करत होती. तुमची उंची हीच इथे तुमची नजर आहे. त्या वयाच्या डोळ्यांची पातळी सोडून कुठेही वर जाऊ नका.

हे सगळं घेऊन मी एक मसुदा केला आहे. वस्तू तुमच्याच आहेत. जुळणी माझी आहे, ती हवी तशी मोडा.

‘काडेपेटी मी खेळायला घेतली आणि सारवलेल्या जमिनीवर विसरले. संध्याकाळी आजीनं पहिली काडी ओढली. काडीचं डोकं पेटीला फासलं गेलं, तपकिरी रेघ उठली. दुसरीचंही तेच झालं. तिसरी तिनं कानामागच्या केसांत घासली आणि ओढली. मग ती उठली, उंबऱ्यापाशी आली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. “आता खा कच्चे तांदूळ!” हे ती ओरडून म्हणाली. कौलांवर पाऊस असला की ती एरवी हातवारेच करायची.

मामा डोक्यावर इरलं घेऊन शेजारी विस्तव आणायला गेला. मी उंबऱ्यावरून हलले नाही. कोपऱ्यात गळतीखाली पातेलं ठेवलेलं होतं, ते टण् टण् वाजत होतं. मग टप् टप् वाजायला लागलं. मामा परत आला तेव्हा त्यात टुबुक टुबुक पडत होतं. त्याच्या हातातल्या करवंटीत राख होती आणि राखेत निखारे.

आजीनं फुंकणीनं फुंकलं. लाकडाच्या कापलेल्या टोकाला फेस आला आणि ते चुरचुरत राहिलं. धूर वर गेला, दोरीवरच्या माझ्या शाळेच्या फ्रॉकपर्यंत. मी उठून उभी राहिले तर डोळे झोंबले, म्हणून पुन्हा बसले. बसल्यावर श्वास घेता येत होता. तिथून मला आजीच्या टाचा दिसत होत्या. भेगांत राख भरली होती.

पिठी-भात झाला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. आजीनं पानात मीठ वाढलं, ते बोटाला चिकटलं. जेवणं झाल्यावर तिनं उरलेल्या काड्या तांदळाच्या डब्यात एकेक करून खुपसल्या. ती मोजत होती. किती होत्या ते आठवत नाही. मोजताना ऐकू आलं एवढं आठवतं, म्हणजे पाऊस थांबला असावा.’

काही गोष्टी का घेतल्या नाहीत ते सांगतो. तुमच्या उत्तरांत घोंगडीचा खरबरीतपणा होता, रॉकेलच्या चिमणीचा वास होता, फणसाच्या आठळ्या राखेत भाजल्याचं होतं, शिंक्यावरचं दूध आणि त्याखाली बसणारं मांजर होतं. सगळं चांगलं आहे. पण त्या संध्याकाळी प्रत्येक गोष्ट विस्तव नसण्याशी बांधलेली आहे, आणि जी बांधलेली नाही ती आणली की लेख जुन्या वस्तूंच्या संग्रहालयासारखा होतो. तपशील भरपूर असूनही लेख निर्जीव वाटतो तो यामुळे. आठळ्या मला विशेष मोहात पाडत होत्या. पण आठळ्या भाजायला निखारे लागतात, आणि त्या संध्याकाळी तेच नव्हते. त्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. मीठ मात्र घेतलं, कारण काडी आणि मीठ यांचं दुखणं एकच आहे, हवेतली ओल, आणि रुसवा गेला की नाही हे न सांगता आजीचा हात तुमच्या पानापर्यंत आला एवढं त्यातून दिसतं.

गळतीखालच्या पातेल्याचा आवाज तुम्ही फक्त ‘टपटप’ असा लिहिला होता. रिकामं भांडं, तळाशी पाणी आलेलं भांडं आणि अर्धं भरलेलं भांडं यांचा आवाज वेगवेगळा असतो. घरी नळाखाली पातेलं ठेवून ऐकून पाहा आणि माझे शब्द तुमच्या कानाला पटतात का ते ठरवा. मामाला किती वेळ लागला हे मग घड्याळाविना सांगता येतं. सहा-सात वर्षांच्या मुलीनं वेळ तसाच मोजला असणार.

‘माया’, ‘समाधान’, ‘अमृत’ हे शब्द मी काढले आणि त्यांच्या जागी काही घातलं नाही. ‘ते दिवस आता पुन्हा येणार नाहीत’ ही ओळही काढली. त्यानं आजी कठोर वाटेल अशी भीती तुम्हाला वाटेल, तुमच्या पत्रात ती दिसते. धपाटा घालणारी आणि नंतर काड्या मोजून तांदळात खुपसणारी बाई कठोर वाटत नाही. ती काटकसरीची आणि घाबरलेली वाटते, आणि मला तरी ती लगेच आवडली.

‘किती होत्या ते आठवत नाही’ हे वाक्य सुचलेला आकडा घालून सुधारू नका. तेवीस किंवा एकोणीस लिहिलं तर वाक्य जास्त नेटकं वाटेल, पण इतकं सगळं लख्ख आठवणारी मुलगी वाचकाला खरी वाटणार नाही. जिथे आठवत नाही तिथे तसं एकदा सांगितलं की बाकीच्या आठवणीवर विश्वास बसतो. एका लेखात एकदाच पुरे.

करवंटीबद्दल मात्र मला कबूल करायला हवं. तुमच्या उत्तरात ‘मामा विस्तव घेऊन आला’ एवढंच होतं. कशात, ते नव्हतं. काही घरांत करवंटीतून आणत, काही ठिकाणी पेटती शेणीच धरून आणत, कुणी फुटक्या मडक्याच्या खापरावर. करवंटी ही माझी भर आहे आणि ती लेखात राहायला नको. मामा हयात आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना फोन करा. ‘विस्तव कसा आणायचात?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पुन्हा ‘यचो-यची’मध्येच येईल. ‘मी काडेपेटी भिजवली होती त्या रात्री तू कुठल्या घरी गेला होतास?’ असं विचारा. त्या घराचं नाव निघालं की वाट निघेल, वाटेवरचा पऱ्ह्या निघेल, हातात काय होतं तेही निघेल कदाचित. नाहीच निघालं तर ते करवंटीचं वाक्य पुसून टाका आणि ‘मामा विस्तव घेऊन आला’ एवढंच ठेवा.